क्लोरीनचं पाणी आणि अंगठीच्या नख्या

प्रश्न: मी आठवड्यातून चार दिवस पोहते. हिऱ्याची पांढऱ्या सोन्याची अंगठी बोटातच असते. क्लोरीनने सोन्याला काही होत नाही म्हणतात, मग काढायची गरज आहे का?

काढा, आणि तलावावर पोचायच्या आधीच काढून ठेवा. मी दागिन्यांची दुरुस्ती करतो. क्लोरीनने खराब झालेल्या अंगठ्या माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा खडा हरवल्यावरच येतात.

शुद्ध सोन्याचं तलावातल्या पाण्याने काही बिघडत नाही, हे खरं. पण 14 कॅरेटमध्ये 24 भागांपैकी 14 भागच सोनं असतं. उरलेले 10 भाग तांबं, चांदी, जस्त आणि पांढऱ्या सोन्यात पुष्कळदा निकेल. क्लोरीन या भेसळीच्या धातूंना खातं, आणि जिथे धातूवर ताण असतो तिथून सुरुवात करतं. खडा धरणाऱ्या नख्या वाकवून बसवलेल्या असतात, म्हणून सगळ्यात आधी त्याच जातात. पाणी गरम असेल तर हे आणखी लवकर होतं. खाऱ्या पाण्याच्या तलावातही मिठापासून क्लोरीनच तयार करतात, तेव्हा तो वेगळा धरू नका.

अशीच एक अंगठी आली होती, चार नख्यांची, दोन वर्षं रोज तलावात गेलेली. वरून चकचकीत. एक नखी गेली होती, म्हणून उरलेल्या तीन भिंगाखाली पाहिल्या, तर प्रत्येकीच्या वाकणावर केसासारखी आडवी चीर. चांगलं सोनं दाबलं की वाकतं. ही नखी चिमट्याने जरा दाबताच कट्‌कन तुटली. अशा नखीवर वरून सोनं चढवून भागत नाही, खालची चीर तशीच राहते. अख्खं कोंदण बदलावं लागलं.

तुमची अंगठी आजच तपासा. कानाजवळ धरून बोटाने टिचक्या मारा. खडा खुळखुळला, किंवा लोकरीचा धागा नख्यांवरून फिरवताना अडकला, तर दुरुस्त होईपर्यंत घालू नका. मात्र आवाज आला नाही म्हणून चिरा नाहीत असं समजू नका, त्या भिंगाशिवाय दिसत नाहीत.

समुद्रात मला जास्त भीती अंगठी हरवण्याची वाटते. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. चांदी क्लोरीनने आणि घामाने काळवंडते, पण ती बहुधा घासून परत उजळते.

मोत्यांचं तसं नाही. मोत्याचे थर चुन्याच्याच जातीचे, त्यामुळे घामातल्या आम्लाने त्यांची झळाळी हळूहळू मरते आणि ती परत आणता येत नाही. अत्तर, क्रीम, केसांचा स्प्रे सगळं लावून वाळलं की मगच मोती घाला, आणि घरी आल्यावर ते पहिले काढा. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा. सर पाण्यात बुडवू नका, रेशमी दोरा भिजला की सैल पडतो.