'बॉट', 'एनपीसी' आणि गेल्या वर्षीचा 'नूब'

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. गेल्या वर्षी मित्रांना 'नूब' म्हणायचा, आता फोनवर 'अरे बॉट' आणि 'पूर्ण एनपीसी आहे तो' चालू असतं. या शिव्या आहेत का? आणि इतक्या पटापट का बदलतात? आम्हाला 'गाढव' आणि 'बावळट' आयुष्यभर पुरले.

तिन्ही शब्द व्हिडिओ गेममधून आलेत, पण तिन्हींचा डंख सारखा नाही. 'नूब' म्हणजे नवशिका. इंग्रजीतल्या 'न्यूबी'चं ते बिघडलेलं रूप. नवशिकेपणा काही कायमचा नसतो आणि नवखा प्रत्येक जण कधी ना कधी असतोच, त्यामुळे या शब्दाला फारशी धार कधी नव्हतीच.

'बॉट' त्याच्या पुढचा. लढाईच्या गेममध्ये माणसं कमी पडली की रिकाम्या जागी कॉम्प्युटर आपलेच खेळाडू भरतो. ते उघड्यावर उभे राहतात, सरळ रेषेत चालतात, भलतीकडेच नेम धरतात. खेळणाऱ्या मुलाला असला गडी लांबूनच ओळखू येतो. तेव्हा एखाद्याला बॉट म्हणणं म्हणजे 'तुझा खेळ माणसाचा वाटत नाही' असं म्हणणं. टोमणा आहे, पण तो खेळण्यावर आहे.

'एनपीसी' म्हणजे 'नॉन-प्लेअर कॅरेक्टर'. हा शब्द कॉम्प्युटर गेमच्याही आधीचा, टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांतला. गेममध्ये रस्त्याकडेला पहारेकरी उभा असतो, दुकानदार असतो. जवळ गेलं की तो ठरलेली दोन वाक्यं बोलतो, पुन्हा गेलं की पुन्हा तीच. तो शत्रू नाही, मित्र नाही, गडीही नाही, नुसता देखाव्याचा भाग. साधारण 2018 पासून हा शब्द टोमणा म्हणून इंटरनेटवर पसरला आणि तिथून शाळकरी मुलांकडे आला. त्याचा रोख खेळण्यावर नाही, माणसावरच आहे : तुला स्वतःचं असं काही नाही, आमच्या गोष्टीत तू नुसता मागे उभा आहेस. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे ऐकून घेण्यापेक्षा गाढव म्हणवून घेतलेलं परवडलं.

आईबाप फसतात ते इथे. 'मरतोस का साल्या' असं कानावर पडलं की घर डोक्यावर घेतात आणि 'एनपीसी' ऐकलं की कॉम्प्युटरचं काहीतरी असेल म्हणून सोडून देतात. कानाला टोचतं ते निरुपद्रवी असू शकतं आणि सपक वाटतं ते विषारी, हे खरं तर आपल्याला नवं नाही. 'मोठा शहाणा आहेस' ही काही आपण दिलेली शाबासकी नसते. जुनं उदाहरण हवं तर अशोकाचं घ्या. शिलालेखांत तो स्वतःला 'देवानांप्रिय', म्हणजे देवांचा लाडका, म्हणवतो. पुढे संस्कृतात याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा झाला. सतराव्या शतकातले व्याकरणकार भट्टोजी दीक्षित यांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त तर 'देवानाम्प्रिय इति च मूर्खे' अशी नोंदच आहे. त्या काळी एखाद्या बापाने मुलाच्या तोंडी हा शब्द ऐकला असता आणि नुसती शब्दाची फोड केली असती, तर मित्राचं केवढं कौतुक करतोय असंच त्याला वाटलं असतं.

आता बदलण्याबद्दल. शिवी वापराने झिजते, हा सगळ्या भाषांतला अनुभव. 'मेल्या' घ्या. शब्दशः पाहिलं तर समोरच्याला मेलेला ठरवणारा शाप. तोच बोलून बोलून इतका गुळगुळीत झाला की लाडाने म्हणता येतो, आणि 'मेलं ते झाकण कुठे गेलं' असा निर्जीव वस्तूलाही लावता येतो. या झिजण्याला पिढ्या लागल्या, कारण तो शब्द दिवसातून चार-दोनदाच कानावर पडायचा. एका संध्याकाळच्या गेममध्ये 'बॉट' पन्नास वेळा म्हटला जातो, शिवाय व्हिडिओत आणि कॉमेंटमध्ये ऐकू-वाचायला मिळतो तो वेगळाच. झीज तीच, फक्त घासणं वाढलंय. धार गेली की नवा शब्द शोधावा लागतो.

पण निव्वळ झीज असती तर 'गाढव'ही एव्हाना संपला असता. तो टिकला, कारण तो कुणा एका टोळक्याचा नाही. आजोबाही म्हणतात आणि नातूही. पोरांच्या शिवीला मात्र दुसरं एक काम असतं : आपला कोण आणि बाहेरचा कोण हे दाखवायचं. ती परवलीसारखी असते, आणि परवली शत्रूला कळली की बदलावीच लागते. इथे शत्रू म्हणजे आपण. एकदा मी भाचीसमोर ऐटीत 'हे जरा क्रिंज आहे', म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं आहे, म्हणालो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मामा, आता क्रिंज म्हणणंच क्रिंज आहे." त्या शब्दाला घरात मूठमाती मिळाली ती बहुधा माझ्यामुळेच.

तेव्हा शब्दांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, पाठ होईपर्यंत ती शिळी होते. व्याकरणाकडे लक्ष द्या, ते इतक्या झटपट बदलत नाही. तुमच्याच प्रश्नात पाहा. 'अरे बॉट' हे संबोधन आहे. ज्याला म्हटलं तो फोनच्या दुसऱ्या टोकाला हजर आहे आणि त्याला उलट बोलायची सोय आहे. आमच्याकडे ऐकलेला एक तुकडा असा :

"अरे बॉट्या, कुठे चाललास तिकडे?"
"तूच बॉट. मघाशी भिंतीवर गोळ्या कोण मारत होतं?"

शब्द लगेच परत फेकला गेला, दोघं हसले, खेळ पुढे चालला. त्यात 'बॉट'चा 'बॉट्या' झालाय, म्हणजे बंड्या-गण्यातला सलगीचा 'या' त्याला चिकटलाय. परक्या शब्दाला मराठी मुलं हे शेपूट लावतात तेव्हा सहसा तो घरचा झालेला असतो. सहसाच म्हणतोय, कारण मुद्दाम हिणवायलाही हाच 'या' चालतो. म्हणून शब्द परत येतो का, हे ऐकणं जास्त भरवशाचं.

'पूर्ण एनपीसी आहे तो' हे मात्र तृतीय पुरुषी विधान. ज्याच्याबद्दल आहे तो तिथे नाही, किंवा असूनही त्याच्याशी कुणी बोलत नाहीये. याचा वाईट नमुना ग्रुपवर दिसतो : एक जण विचारतो, 'उद्या किती वाजता भेटायचं?' दुसरा लिहितो, 'एनपीसी बोलला.' दोघेतिघे हसण्याची चिन्हं टाकतात आणि वेळ कुणीच सांगत नाही. इथे शब्द परत फेकला जात नाही. ज्याला म्हटलं तो गप्प होतो आणि दोन-चार दिवसांनी काही विचारायचंच सोडून देतो.

म्हणून 'बॉट'वरून घरात वाद घालू नका, आणि त्यावर बंदी तर नकोच. मरायला टेकलेल्या शब्दाला बंदीने पुन्हा धार येते. 'एनपीसी'चा अर्थही मुलाला विचारू नका, 'काही नाही, गेममधलं आहे' एवढंच उत्तर येईल आणि ते खोटंही नसेल. त्या वाक्यातला 'तो' कोण, हे सहज बोलता बोलता विचारा. तो कधी घरी येतो का, सगळे खेळतात तेव्हा त्याला बोलावतात का. आणि एखाद्या दिवशी तुमचा मुलगा स्वतःच सांगू लागला की 'मला एनपीसी म्हणतात', तर 'त्यात काय एवढं' असं मात्र म्हणू नका.