मेंटॉरिंग कार्यक्रमाला नाव काय द्यावं?

प्रश्न: ज्यांच्या घरातून याआधी कोणीच कॉलेजात गेलं नाही, अशा मुलांसाठी मेंटॉरिंग सुरू करतोय. नाव उभारी देणारं हवं, उपकार केल्यासारखं नको. सुचवाल?

उत्तर: 'वाटचाल' ठेवा. 'आधार', 'मदतीचा हात', 'उत्थान' अशा नावांत देणारा ठळक दिसतो आणि विद्यार्थी नुसता घेणारा उरतो. वाटचाल त्याची स्वतःची असते, मेंटॉर फक्त सोबत चालतो. 'पहिली पिढी' हे शब्द पात्रतेच्या ओळीत लिहा, नावात नकोत. नाहीतर नाव घेताच घरची परिस्थिती चारचौघांत उघडी पडते.

पक्कं करण्याआधी पाच-सहा विद्यार्थ्यांना 'मी वाटचालमध्ये आहे' असं मित्रासमोर म्हणायला आणि बायोडेटात लिहायला सांगा. नुसतं मत विचारलंत तर भिडेखातर 'छान आहे' म्हणतील. कोणी नाव गाळून 'ते शनिवारचं लेक्चर' म्हणालं, तर नाव बोचतंय. दुसरं त्यांच्याकडूनच घ्या.