मेमोरँडम आणि आर्टिकल्समध्ये विरोध आला तर कोणाचं चालतं?

"आमच्या रत्नागिरीच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या मेमोरँडममध्ये फक्त आंबा-कोकम प्रक्रिया आहे, आर्टिकल्समध्ये मात्र संचालकांना ट्रॉलर घेऊन मासेमारीची मुभा आहे. खरं काय धरायचं?"

मेमोरँडम. कंपनीने काय करायचं याची हद्द ते ठरवतं. आर्टिकल्स त्या हद्दीतला अंतर्गत कारभार सांगतात. कंपनी कायदा, 2013 या दोन्हींच्या वर. मेमोरँडममधला शब्द संदिग्ध असेल तर अर्थ लावायला आर्टिकल्स बघता येतात, पण त्याची हद्द वाढवता येत नाही. त्यामुळे मासेमारीसाठी ट्रॉलरचा करार आताच करू नका; उद्देशाबाहेरचा व्यवहार सगळ्या भागधारकांनी मिळूनही नंतर मंजुरी देऊन वैध करता येत नाही. आधी कलम 13 खाली विशेष ठराव करा (विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत), ठरावानंतर 30 दिवसांत MGT-14 हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरा. त्यांच्याकडे नोंद होईपर्यंत बदल लागू होत नाही.