दीड वर्षानंतरची तारीख घातलेला कागद

मी ३९ वर्षांची असून १४ वर्षे एकाच मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात आहे. एका नव्या, छोट्या कंपनीने मला वित्तप्रमुखाचे पद देऊ केले आहे. पगार जास्त आहे, पण ती कंपनी टिकेल का, हे कोणीच सांगू शकत नाही. दहा दिवसांत कळवायचे आहे. काय करू?
– एक वाचक

यातली एक संध्याकाळ राखून ठेवा. तुम्ही आणि तुमच्या घरातील जाणत्या माणसाने वेगवेगळे बसून कागदावर दीड वर्षानंतरची तारीख घालावी, आणि नवी नोकरी पार फसली आहे असे धरून, ती का फसली हे दहा मिनिटे भूतकाळात लिहावे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली एका लेखात मांडलेली ही ‘प्री-मॉर्टेम’ पद्धत आहे. ‘काय बिघडू शकेल?’ असे विचारले की मन ‘काहीही होऊ शकते’ म्हणून मोकळे होते. बिघडलेच आहे म्हटल्यावर मात्र त्याला नेमके कारण द्यावे लागते.

समजा, कागदांवर तीन कारणे आली: सातव्या महिन्यात पगार थकला, मालक हिशेबाबाबत माझे ऐकत नसत, वाढीव पगाराच्या भरवशावर मोठे कर्ज काढले होते. पहिल्याची शहानिशा आजच होऊ शकते. कंपनीकडे किती महिन्यांच्या खर्चाची रोकड आहे, हे होणाऱ्या वित्तप्रमुखाने विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही, आणि उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे. दुसऱ्यासाठी तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाशी बोला. तिसरे तर सर्वस्वी तुमच्याच हातात आहे.

मात्र ही पद्धत धोके ठळक करते, त्यांची शक्यता किती हे सांगत नाही. म्हणून केवळ नव्या नोकरीचीच अशी चिरफाड केली तर पारडे आपोआप जुन्या खुर्चीकडे झुकते. तेव्हा दुसरा कागद घ्या आणि ‘मी इथेच राहिले आणि पस्तावले’ असे धरून तोही तितक्याच निर्दयपणे लिहा.

आता परतीच्या वाटेचे पाहू. तुमचा निर्णय एक दिसत असला तरी त्याचे तुकडे पडतात. नोकरी बदलणे बऱ्याच अंशी मागे घेता येते, कारण हिशेबाचे कौशल्य तुमच्यासोबतच राहते. जुने पद परत मिळेल असे मात्र धरू नका. कर्ज, घर विकणे, जुन्या वरिष्ठांशी कडवटपणे निरोप घेणे आणि सलग सेवेवर अवलंबून असलेले लाभ यांना परतीची वाट जवळजवळ नसते. म्हणून नोकरी घेतलीत तरी पहिले वर्षभर कर्ज काढू नका आणि लाभांची अट राजीनाम्यापूर्वी लेखी विचारून घ्या. परतण्यासाठी सहा महिने लागतील असे धरून तेवढा घरखर्च बाजूला नसेल, तर तुमच्यापुरती ती वाट बंदच आहे, आणि तसे असल्यास मी नकार द्यायला सांगेन.

रक्कम असेल आणि रोकडीचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर होकार द्या. पण पगार एकदा जरी थकला किंवा कंपनीची रोकड चार महिन्यांच्या खर्चाखाली गेली, तर त्याच आठवड्यात दुसरी नोकरी शोधायला लागायचे, हे आजच लिहून त्या जाणत्या माणसाच्या हवाली करा. तिथे रुळल्यावर तुम्ही स्वतःच सबबी शोधू लागाल.