असाइनमेंट लिहू की परीक्षेचा अभ्यास करू?

"मॅडम, तीस एप्रिलला असाइनमेंट द्यायच्या, जूनमध्ये लगेच पेपर. मधे आखाजी, घरातली लग्नं. अभ्यास कधी करायचा?"

जळगावला माझ्याकडे येणाऱ्या इग्नूच्या विद्यार्थ्यांकडून दर मार्च-एप्रिलला हे ऐकते. धरणगावकडची एक अंगणवाडी सेविका मात्र लक्षात राहिली. एम.ए. इतिहास, पहिलं वर्ष, चार विषय. प्रत्येक विषयाच्या असाइनमेंटमध्ये पाच उत्तरं, एकेक पाचशे शब्दांचं. म्हणजे हाताने लिहायची वीस मोठी उत्तरं. रोज रात्री अकरापर्यंत लिहायची, तरी परीक्षेच्या नावाने पोटात गोळा यायचा.

मी वही मागितली. अक्षर सुंदर होतं.

"काल लिहिलेलं उत्तर वही न बघता सांगा."

दोन वाक्यं झाली आणि ती थांबली. "गाईडमधून उतरवलं मॅडम."

मला हवं ते इथेच सापडलं. वेळ कमी होता, पण रात्रीचे ते दोन तास आठवणीत काहीच ठेवून जात नव्हते. आठवायला लावलं तरच डोक्यात टिकतं, यावर माझा फार विश्वास आहे. मग पद्धत बदलली: पुस्तकातलं प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, सहा-सात मुद्दे आठवून मांडायचे, उघडून तपासायचे, सुटलेला मुद्दा लाल पेनाने घालायचा. उत्तर त्यावरून लिहायचं. मुद्द्यांचा कागद आपल्याजवळ ठेवायचा. परीक्षेलाही याच घाटाची उत्तरं लिहायची असल्याने जूनमध्ये तोच उजळणीला येतो. लाल शाई फार दिसली तर ते प्रकरण पुन्हा वाचायचं.

आठवडाभराने ती म्हणाली, "एका उत्तराला जास्त वेळ लागतो, पण दुसऱ्या दिवशी आठवतं." तिचा चेहरा पाहून मला फार समाधान वाटलं.

तरी चार विषय जूनला जड होते. गुण असाइनमेंटला तीस टक्के, परीक्षेला सत्तर; एम.ए.ला दोन्हींत वेगवेगळे किमान चाळीस टक्के लागतात. असाइनमेंटमध्ये पास झालात की ते गुण राहतात, पेपर पुढच्या सत्रात देता येतो. म्हणून असाइनमेंट चारही द्यायच्या, पण जूनचा परीक्षा फॉर्म दोनच विषयांचा भरायचा, बाकीचे दोन डिसेंबरला, असं ठरलं. हा निर्णय फॉर्मच्या मुदतीआधीच घ्यावा लागतो. पेपरच्या आदल्या आठवड्यात घेतला तर भरलेली फी वाया जाते. डिसेंबरला कापूस वेचणी असते, म्हणून त्या दोन विषयांचे मुद्दे असाइनमेंटबरोबर एप्रिलमध्येच तयार केले.

मुदतवाढ मिळेल या भरवशावर तिला राहू दिलं नाही. आखाजीसाठी चार दिवस आधीच मोकळे ठेवले आणि लिहिण्याची मुदत वीस एप्रिल धरली. जमा करताना पोच घ्यायची आणि झेरॉक्स स्वतःजवळ ठेवायची, हेही बजावलं, कारण गुण ऑनलाइन चढले नाहीत तर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.