बिडाचा तवा चिकचिकीत आणि नॉन-स्टिकला सगळं चिकटतंय, दोन्हीकडे गोंधळ तेलाचाच

प्रश्न: "नवीन बिडाचा तवा तेल लावून तापवला, दोनदा केलं, तरी हात लावला की चिकचिकतो. आणि नॉन-स्टिक पॅन घेऊन वर्षसुद्धा झालं नाही तर अंडं चिकटायला लागलंय. कोटिंग गेलं का? मी नक्की काय चुकवतेय?"

गंमत म्हणजे दोन्ही भांड्यांवर सध्या एकच गोष्ट बसलीये, अर्धवट भाजलेलं तेल. तव्यावर ती हवी आहे पण नीट झालेली नाही, आणि नॉन-स्टिकवर ती मुळात नकोच आहे.

आधी तवा. सीझनिंग म्हणजे बीड तेल "पितं" असं सगळे सांगतात पण तसं काही नसतं. तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वर कडक, कोरडं आवरण तयार होतं, म्हणजे जवळपास व्हार्निशच. थर जाड असला की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतलं तेल कच्चंच राहतं, म्हणून चिकचिक. मीही पहिल्यांदा हेच केलेलं, म्हटलं जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं सीझनिंग, आणि तवा सरळ ठेवून भाजला. बाहेर काढला तर मधोमध मधाच्या रंगाचे ठिपके आणि कडेला ओघळ, बोट लावलं तर ठसा उमटत होता. दोन दिवस कपाळाला हात लावून बसले होते.

तुमचा तवा फुकट गेलेला नाहीये. चिकटपणा सगळीकडे सारखा आणि हलका असेल तर अजून तेल न लावता नुसता तासभर ओव्हनमध्ये उपडा भाजा, बऱ्याचदा तेवढ्यानेच तो कडक होतो. पण ठिपके, ओघळ हाताला जाड लागत असतील तर गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी घेऊन ते खरडून टाका. खाली राखाडी बीड दिसलं तरी घाबरू नका, परत थर चढतो.

मग नव्याने असं करा. तवा साबणाने धुवून पुसा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा, कारण बीड कोरडं दिसलं तरी बारीक खड्ड्यांत पाणी राहतं आणि तिथूनच गंज धरतो. हाताला सोसेल इतका गरम असताना साधं रिफाइंड तेल घ्या, सूर्यफूल, सोयाबीन, जे असेल ते, दहा इंची तव्याला अर्धा चमचा भरपूर झाला. आत, बाहेर, मुठीला, सगळीकडे चोळा. आता खरी मेख इथे आहे. दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून काढा. तवा जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, उजेडात धरला तर ओली चमक दिसता कामा नये. दिसली तर परत पुसा.

ओव्हन असेल तर २३० अंश सेल्सिअसला उपडा ठेवून एक तास, खाली एक ट्रे म्हणजे चुकून थेंब पडलाच तर तिथे पडेल, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचा. असे तीन-चार थर. ओव्हन नसेल तर गॅसवरही जमतं, फक्त बर्नर मधेच तापवतो म्हणून मध्यम आचेवर तवा सारखा सरकवत, कडा ज्योतीवर आणत राहायचं, धूर येऊन थांबेपर्यंत. कडा थोड्या फिक्या राहतात, राहू देत. खिडकी उघडी ठेवा नाहीतर घरभर धूर. झालं की नाही ते बोटाने कळतं, गार तवा कोरडा आणि गुळगुळीत लागला पाहिजे. रंग पहिल्या थरानंतर तपकिरीच असतो, काळा हळूहळू वापराने होतो. जवसाच्या तेलाचं खूप कौतुक ऐकाल, त्याचा थर कडक आणि देखणा होतो हे खरं पण माझा तरी सहा महिन्यांत खपल्या होऊन निघाला, तेव्हापासून मी त्या वाटेला गेले नाही.

पहिले काही आठवडे त्यात टोमॅटो किंवा काही आंबट शिजवू नका, आम्लाने कोवळा थर सुटतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते. कांदा परता, थोडं तेल सोडून काहीही भाजा. धुताना भांड्याचा साधा साबण चालतो, त्याने सीझनिंग जात नाही, भिजत मात्र ठेवायचं नाही. धुतला, पुसला, गॅसवर दोन मिनिटं वाळवला, तेलाचा हात फिरवला, संपलं.

आता नॉन-स्टिक. कोटिंग गेलं का हे बघायचं तर पॅन धुवून गार असताना त्यात पाण्याचे थेंब टाका आणि तिरका करा. थेंब गोल राहून पळाले तर कोटिंग ठीक आहे. काही जागी पाणी पसरून चिकटलं आणि तिथे फिकट तपकिरी झाक दिसली, विशेषतः कडेला, तर तो जुन्या तेलाचा थर आहे. तव्यावर आपण मुद्दाम चढवतो तोच! मोठ्या आचेवर तेल वापरलं किंवा स्प्रेचं तेल मारलं की हा थर बसतो, स्प्रेमध्ये लेसिथिन असतं ते तर घट्टच धरतं. पॅनमध्ये बोटभर पाणी, दोन चमचे खायचा सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर मऊ स्पंजने घासा. एकदा नाही निघालं तर परत. माझ्या पॅनचं तिसऱ्यांदा केल्यावर निघालं, स्पंज अक्षरशः चहाच्या रंगाचा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी अंडं स्वतःहून सरकलं.

पुढे टिकवायचं तर आच मध्यमच्या वर न्यायची नाही, आणि रिकामा पॅन गॅसवर ठेवून दुसरीकडे जायचं नाही. या कोटिंगचं, म्हणजे पीटीएफईचं, साधारण २६० अंशांच्या वर बिघडणं सुरू होतं, आणि पातळ अॅल्युमिनियमचा रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतो. फार तापला की निघणारा धूर माणसालाही बाधतो, आणि घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर तो मरूही शकतो, हे खरंच गांभीर्याने घ्या. गरम पॅन नळाखाली धरू नका, बूड वाकतं आणि मग तेल कडेला पळतं. उलथनं लाकडाचं किंवा सिलिकॉनचं, एकावर एक ठेवताना मधे फडकं, आणि डिशवॉशर नको. पेटीवर "सिरॅमिक" लिहिलं असेल तर ते वेगळं कोटिंग असतं, काळजी हीच पण सरकपणा लवकर कमी होतो.

सोड्याने दोन-तीनदा करूनही चिकटत असेल, किंवा खालचा चंदेरी धातू दिसायला लागला, पापुद्रे सुटायला लागले तर पॅन बदला. एखादा कण पोटात गेला असेल तर काळजी नको, तो न पचता तसाच बाहेर पडतो. आणि त्या उघड्या पडलेल्या पॅनवर तेल भाजून सीझनिंग करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यासाठी तो कोटिंगला सोसणार नाही इतका तापवावा लागेल.