पीएलसी शून्य, व्हीएफडी बरोबर: एका लूपमध्ये दोन इनपुट बसवताना

प्रश्न: रावेर तालुक्यात तापीकाठी आमचं लिफ्ट इरिगेशनचं पंपहाऊस आहे. केळीच्या ठिबकच्या मेन लाइनवर ५०० मीटर लांब दोन वायरचा प्रेशर ट्रान्समीटर आहे. त्याचा ४-२० मिलिअँपचा सिग्नल व्हीएफडीला आणि पुढे पीएलसीला सिरीजमध्ये दिला, तर व्हीएफडीवर प्रेशर बरोबर येतं, पीएलसीवर शून्य. चार वायरचा मॅग्नेटिक फ्लोमीटरही जोडायचाय. पॅनलवाला म्हणतो आयसोलेटेड कार्ड घ्या. घेऊ का?

उत्तर:

भाऊ, कार्डाचे पैसे मोजण्याआधी एक चाचणी करा. व्हीएफडी आणि पीएलसीच्या जागा बदला, म्हणजे ट्रान्समीटरची वायर आधी पीएलसीत आणि तिथून व्हीएफडीत न्या. आता पीएलसी बरोबर दाखवू लागला आणि व्हीएफडी शून्यावर गेला, तर दोन्ही इनपुट धडधाकट आहेत. शून्य त्या जागेला चिकटलेलं आहे, यंत्राला नाही.

असं का होतं, ते करंटच्या वाटेवरून कळतं. पॅनलमधल्या एसएमपीएसच्या +२४ पासून करंट ट्रान्समीटरमधून जातो, मग व्हीएफडीच्या आतल्या साधारण २५० ओहमच्या रेझिस्टरमधून, मग पीएलसीच्या तशाच रेझिस्टरमधून, आणि शेवटी ० व्होल्टला मिळतो. पीएलसीचा मायनस ० व्होल्टवर बसलाय, ते बरोबरच आहे. पण व्हीएफडीचा मायनस लूपमध्ये त्याच्या वर आहे, २० मिलिअँपला तो ० च्या ५ व्होल्ट वर असायला हवा. नॉन-आयसोलेटेड व्हीएफडीत हा मायनस आतूनच अॅनालॉग कॉमनला जोडलेला असतो, आणि तो कॉमन कुठेतरी, पॅनलच्या अर्थिंगमधून किंवा एखाद्या जंपरमधून, त्याच ० व्होल्टला मिळालेला असतो. व्हीएफडीतून बाहेर पडल्यावर करंटला सरळ घरी जायची वाट सापडते. पीएलसीच्या २५० ओहममधून तो कशाला जाईल?

खात्री मल्टिमीटरनं होते. सगळा सप्लाय बंद करा, व्हीएफडीचा डीसी बस पूर्ण उतरेपर्यंत थांबा, सिग्नलच्या वायरी काढा. मग व्हीएफडीचा अॅनालॉग कॉमन आणि पीएलसीच्या इनपुटचा मायनस यांच्यात ओहम मोजा. शून्याच्या जवळ आकडा आला तर दोष सापडला. तसंच पीएलसीच्या पहिल्या आणि दुसऱ्या चॅनलच्या मायनसमध्येही मोजा. तिथेही शून्य आलं तर तुमच्या कार्डाचे चॅनल एकमेकांपासून आयसोलेटेड नाहीत.

पॅनलवाल्याला विचारायचं ते याच ठिकाणी. बऱ्याच कार्डांवर ‘आयसोलेटेड’ लिहिलेलं असतं, पण अर्थ एवढाच असतो की सगळे चॅनल मिळून पीएलसीच्या बाकी भागापासून वेगळे आहेत. आपसात मात्र त्यांचा मायनस एकच. असं कार्ड घेऊन पीएलसी वर आणि व्हीएफडी खाली ठेवलात, तर आज चालेल. उद्या त्याच कार्डावर दुसरा दोन वायरचा ट्रान्समीटर लावलात की त्याचाही करंट त्या सामाईक मायनसमधून व्हीएफडीच्या रेझिस्टरमध्ये उतरेल. पहिला १२ मिलिअँप, दुसरा ८, आणि व्हीएफडीला दिसणार २०. प्रेशर पूर्ण झालं असं समजून तो पंप हळू करेल आणि शेवटच्या शेतातलं ठिबक कोरडं राहील. म्हणून डेटाशीटमध्ये ‘चॅनल टू चॅनल’ आयसोलेशन लिहिलंय का, ते स्वतः वाचा.

पण समजा तसं कार्ड आणलं, तरी तुमच्या लूपची दुसरी अडचण उरते, ती व्होल्टेजची. दोन वायरचा ट्रान्समीटर स्वतः जगतो तो याच लूपवर. पुष्कळ ट्रान्समीटरना स्वतःच्या टोकांवर १०.५ ते १२ व्होल्ट लागतात. तुमचा १२ चा धरू. दोन इनपुटचे ५०० ओहम. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलला किलोमीटरला ३९ ओहमपर्यंत धरावे लागतात, आणि ५०० मीटर जाऊन परत येणं म्हणजे नेमका एक किलोमीटर. एकूण ५३९ ओहम. फॉल्टचा इशारा देताना अनेक ट्रान्समीटर २० च्या वर, २२ मिलिअँपच्या आसपास जातात. तेव्हा वाटेत ११.९ व्होल्ट पडतात आणि ट्रान्समीटरला जेमतेम १२.१ उरतात. सप्लाय २२.५ वर आला की करंट १९.५ मिलिअँपच्या वर जाऊच शकत नाही. खालचे सगळे आकडे बरोबर येतील, फक्त वरच्या टोकाला काटा अडकेल, म्हणजे जास्त प्रेशरचा अलार्म जिथे हवा तिथेच आंधळेपणा. ही चूक रोजच्या कामात दिसत नाही, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते. तपासायचं असेल तर ट्रान्समीटरमधून २० मिलिअँप सक्तीनं काढायला लावा आणि त्याच्याच टोकांवर व्होल्टेज मोजा.

करंटची चिंता मात्र सोडा. असे दहा ट्रान्समीटर मिळून ०.२२ अँप खातात. फक्त प्रत्येक लूपला वेगळं फ्यूज टर्मिनल द्या, नाहीतर शेतात एक केबल तुटून शॉर्ट झाली की सगळे ट्रान्समीटर एकदम झोपतील.

तुमच्या जागी मी एक इनपुट, दोन आउटपुटचा सिग्नल आयसोलेटर घेईन, दोन वायरच्या ट्रान्समीटरला सप्लाय देणारा. लूपमध्ये मग ट्रान्समीटर, केबल आणि आयसोलेटर एवढेच राहतात. पीएलसी आणि व्हीएफडीला आपापला वेगळा ४-२० मिळतो आणि तुमचं जुनं कार्ड तसंच चालतं. २० मिलिअँपला तो किती व्होल्ट देतो तेवढं बघा. तुम्हाला १२ अधिक केबलचा जवळपास एक, म्हणजे किमान १३ लागतील. १५-१६ देणारा असेल तर निर्धास्त. दुसरा रस्ता बिनपैशाचा आहे: प्रेशर फक्त पीएलसीला द्या, पीआयडी तिथे चालवा आणि व्हीएफडीला मॉडबसवरून स्पीड पाठवा. पण पीएलसी बंद पडला की पंपही थांबेल, आणि केळीच्या बागेला मे महिन्यात ते परवडत नाही.

आता फ्लोमीटर. चार वायरच्या फ्लोमीटरचा सप्लाय वेगळा असतो आणि अॅक्टिव्ह मोडमध्ये ४-२० तो स्वतः ढकलतो. त्याचा प्लस थेट पीएलसीच्या इनपुट प्लसला, मायनस मायनसला. पॅनलची +२४ तिथे येताच कामा नये. दोन वायरच्या सवयीनं ती वायर चुकून इनपुट प्लसवर बसली तर २५० ओहममधून ९६ मिलिअँप जातात, म्हणजे २.३ वॅट, आणि तो चॅनल जळू शकतो. काही फ्लोमीटर पॅसिव्ह मोडवरही चालतात, तेव्हाच त्यांना लूपचा सप्लाय बाहेरून द्यायचा. जोडण्याआधी मॅन्युअलमध्ये मोड पाहून घ्या.

त्याच्या आउटपुटचा मायनस त्याच्याच सप्लायच्या मायनसपासून अलग आहे का, तेही सप्लाय बंद करून ओहमवर बघा. अलग असेल तर तुमचं नॉन-आयसोलेटेड कार्ड पुरेसं आहे. नसेल आणि नदीकाठच्या वेगळ्या अर्थिंगला जोडलेला असेल, तर दोन अर्थिंगमधला फरक सिग्नलच्या मायनस वायरीतून वाहील आणि पंप सुरू होताच त्या कॉमनवरचे बाकीचे चॅनलही हलू लागतील. फ्लोमीटरच्या दोन्ही वायरी काढल्यावर ते स्थिर झाले, तर फ्लोमीटरसाठीही एक आयसोलेटर लावा.